स्वतःचाच श्वास कानात: उघड्या राहणाऱ्या युस्टेशियन नलिकेचा विकार

कानाच्या पडद्यामागे हवेने भरलेली एक छोटी पोकळी असते, तिला मध्यकर्ण म्हणतात. या पोकळीतून एक बारीक नळी निघते आणि तिरकी खाली, पुढे व आतल्या बाजूला उतरत नाकाच्या मागे, घशाच्या अगदी वरच्या भागात उघडते. ही युस्टेशियन नलिका. सोळाव्या शतकातील इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ बार्तोलोमेओ युस्ताकी यांनी तिचे बारकाईने वर्णन केले आणि तिला त्यांचेच नाव पडले. मोठ्या माणसात तिची लांबी साधारण ३६ मिलिमीटर असते. कानाकडचा एक तृतीयांश भाग हाडातून जातो आणि तो कायम उघडा असतो. घशाकडचा दोन तृतीयांश भाग मात्र कूर्चा, स्नायू, चरबी आणि ओलसर अस्तर यांचा बनलेला असतो. तो एरवी मिटलेला असतो.

या मिटलेपणाला फार महत्त्व आहे. नळी उघडते ती गिळताना किंवा जांभई देताना, टाळूचे स्नायू तिची भिंत ओढतात तेव्हा, आणि तीही अर्ध्या सेकंदापेक्षा कमी वेळ. तेवढ्यात बाहेरच्या हवेचा दाब आणि मध्यकर्णातील दाब सारखा होतो आणि नळी पुन्हा मिटते. घाट चढताना किंवा विमान उतरताना कानात बसलेले दडे गिळल्यावर सुटतात ते यामुळेच. उरलेला सगळा वेळ मिटलेली नळी कानाला घशापासून वेगळे ठेवते. माणूस बोलतो तेव्हा घशात आणि नाकाच्या पोकळीत मोठा आवाज घुमत असतो, श्वासागणिक तिथला दाब खालीवर होत असतो. मिटलेल्या नळीमुळे यातले काहीही थेट कानापर्यंत पोहोचत नाही.

काही लोकांत ही नळी मिटायची तेव्हा मिटत नाही. दिवसातून काही तास, कधी दिवसभर, ती थोडी उघडीच राहते. मग स्वतःचा आवाज घशातून सरळ नळीवाटे मध्यकर्णात शिरतो आणि पडद्यावर आतून आदळतो. रांजणात तोंड घालून बोलल्यासारखे वाटते, असे रुग्ण सांगतात. ‘म’ आणि ‘न’ हे वर्ण विशेष घुमतात, कारण ते उच्चारताना आवाज नाकाच्या पोकळीतून जातो आणि नळीचे तोंड तिथेच असते. आवाजाइतकाच, किंबहुना जास्तच, त्रास श्वासाचा होतो. नाकाने घेतलेला प्रत्येक श्वास एका कानात सुसाट वाऱ्यासारखा ऐकू येतो, कारण श्वासाबरोबर बदलणारा दाब पडद्याला आत ओढतो आणि बाहेर ढकलतो. त्रास दोन्ही कानांना होऊ शकतो, पण पुष्कळदा तो एकाच बाजूला असतो किंवा एका बाजूला फार जास्त असतो. शांत खोलीत, मीटिंगमध्ये, फोनवर बोलताना ते असह्य होते. माणसे हळूहळू कमी बोलू लागतात, काही जण गाणे सोडतात, काही जण तोंडाने श्वास घ्यायची सवय लावून घेतात. बाहेरून कान अगदी निरोगी दिसतो. त्यामुळे घरच्यांना ही तक्रार खरी वाटत नाही आणि रुग्णाला आपल्याच मनाबद्दल शंका येऊ लागते. म्हणून आधी एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. हा आवाज खरा असतो, आणि योग्य वेळी कानात पाहिले तर त्याचे कारण डोळ्यांनी दिसतेही.

या विकाराचे आणखी एक लक्षण सगळ्यांची दिशाभूल करते. नळी उघडी असली तरी रुग्णाला कान भरल्यासारखा, दडा बसल्यासारखा वाटतो. डॉक्टरांना तो सांगतो, ‘कान बंद झालाय.’ नळी सर्दीने किंवा ॲलर्जीने सुजून बंद पडली तरी तक्रार जवळपास हीच असते, आणि तो प्रकार रोजच्या व्यवहारात कितीतरी जास्त दिसतो. त्यामुळे बंद नळीचे उपचार सुरू होतात. सूज उतरवणाऱ्या गोळ्या, नाक मोकळे करणारे थेंब, नाक दाबून कानात हवा फुंकायचा व्यायाम. उघड्या नळीला हे सगळे उलट पडते. तिला मिटायला अस्तराचा थोडा फुगीरपणा आणि ओलावा हवा असतो, आणि ही औषधे नेमका तोच काढून घेतात. दोन विकारांत रुग्णाचे शब्द सारखे आणि उपचार परस्परविरोधी, अशी ही अवघड जागा आहे.

नळी मिटवून धरणाऱ्या गोष्टी पाहिल्या की ती उघडी का राहते तेही कळते. कूर्चेचा स्वतःचा ताण, अस्तरावरच्या पातळ स्रावाचा चिकटपणा, आजूबाजूच्या शिरांत भरलेले रक्त आणि नळीच्या बाहेरच्या बाजूला असलेला चरबीचा एक छोटा गोळा या सर्वांचा दाब मिळून नळीच्या भिंती एकमेकींना टेकतात. वजन भराभर उतरले की ही चरबीही झडते आणि नळीच्या भिंतीला पलीकडून मिळणारा आधार जातो. आहार कमी करून, आजारपणात किंवा लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेनंतर थोड्या महिन्यांत बरेच वजन घटलेल्यांत हा त्रास सुरू होताना दिसतो. या विकाराची जी कारणे सापडतात, त्यांत वजनातली घट सगळ्यांत ठळक आहे. किती किलो उतरले यापेक्षा किती वेगाने उतरले हे अनेकदा महत्त्वाचे ठरते.

गरोदरपणातही काही स्त्रियांना हा त्रास होतो. तिथे संप्रेरकांतील बदलांमुळे अस्तर आणि स्राव बदलतात, असे मानले जाते. बहुतेकींचा त्रास बाळंतपणानंतर आपोआप थांबतो. अंगातले पाणी कमी होणे हेही एक कारण आहे. उन्हात घाम गाळल्यावर, कडक उपासाच्या दिवशी, लघवी वाढवणारी औषधे चालू असताना किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाचे डायलिसिस झाल्यावर लक्षणे उफाळतात. याशिवाय नाकामागच्या भागात कर्करोगासाठी दिलेले किरणोपचार, तिथल्या शस्त्रक्रियेनंतरचे व्रण आणि टाळूच्या स्नायूंवर परिणाम करणारे मेंदूचे वा नसांचे काही आजार हीही कारणे आहेत. आणि सगळे तपासूनही बऱ्याच रुग्णांत काहीच कारण सापडत नाही.

निदानाचा बराचसा भाग रुग्णाच्या बोलण्यातच असतो. नेहमी दिसणाऱ्या रुग्णांवरून बेतलेले एक उदाहरण घेऊ. अडतीस वर्षांच्या एका शिक्षिकेने सहा महिन्यांत वजन ७४ किलोवरून ५९ वर आणले. रात्रीचे जेवण जवळपास बंद, रोज तासभर भरभर चालणे. पाचव्या महिन्यात उजव्या कानात आवाज घुमू लागला. सकाळी उठल्यावर कान ठीक असतो. पहिला तास शिकवून होतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या तासाला बोलता बोलता अचानक स्वतःचा आवाज त्या कानात फुटल्यासारखा मोठा होतो. मग श्वासही ऐकू येऊ लागतो. दुपारी घरी येऊन आडवे झाले की मिनिटाभरात सगळे शांत. उठून कामाला लागले की पुन्हा सुरू. वर्गात वाकून खाली पडलेला खडू उचलतानाही क्षणभर बरे वाटते. आणि तिने स्वतःहून सांगितलेली एक गोष्ट, जी तिला विचित्र वाटत होती: मागच्या महिन्यात सर्दी झाली होती, ते चार दिवस कान अगदी छान होता.

या कथेतला प्रत्येक तपशील उपयोगाचा आहे. आडवे झाल्यावर किंवा डोके गुडघ्यांत घातल्यावर डोक्याकडच्या शिरांत रक्त जास्त साठते, नळीभोवतीचे मांस किंचित फुगते आणि नळी मिटते. उभे राहिल्यावर रक्त खाली उतरते, नळीभोवतीचा फुगीरपणा ओसरतो आणि ती पुन्हा उघडते. म्हणूनच रात्री झोपताना त्रास नसतो आणि दिवस चढेल तसा तो वाढतो. व्यायामाने आणि सलग बोलण्याने तो वाढतो. सर्दीत अस्तर सुजते, म्हणून तेव्हा आराम पडतो. बंद नळीच्या रुग्णाला सर्दीत जास्त त्रास होतो. नुसत्या या एका प्रश्नावरून, ‘सर्दी झाली की कान बरा होतो की बिघडतो?’, दोन विकारांतला फरक अनेकदा उमगतो.

यानंतर प्रत्यक्ष तपासणी, आणि इथेही एक चूक वारंवार होते. रुग्ण सकाळच्या वेळी येतो, बाहेर बराच वेळ बसून राहतो, मग त्याला टेबलावर आडवे करून कान पाहिला जातो. त्या वेळी नळी मिटलेली असते, पडदा नेहमीसारखा दिसतो, ऐकण्याची चाचणी सामान्य येते, आणि ‘कानात काही नाही’ असा निर्वाळा मिळतो. कान पाहायचा तो रुग्ण ताठ बसलेला असताना आणि लक्षण चालू असताना. लक्षण नसेल तर त्याला दहा मिनिटे जिने चढउतार करायला लावावे, किंवा मोठ्याने काहीतरी वाचायला सांगावे, आणि मग पाहावे.

शिक्षिकेच्या बाबतीत तसेच केले. ती खुर्चीवर सरळ बसली. तिने तोंड मिटले, डावी नाकपुडी बोटाने दाबली आणि त्रास असलेल्या बाजूच्या नाकपुडीने जोरात, खोल श्वास घेतला. सूक्ष्मदर्शकातून पाहताना उजव्या कानाचा पडदा श्वास घेताना आत जाताना आणि सोडताना बाहेर येताना स्पष्ट दिसला. पडद्याचा मागचा-वरचा भाग सैल असेल तर तिथे ही हालचाल चांगली दिसते. डावा पडदा स्थिर होता. मग तिला तिथेच आडवे केले आणि पुन्हा पाहिले. आवाज थांबला होता आणि पडद्याची हालचालही. या दोन निरीक्षणांना मिळून जेमतेम दोन मिनिटे लागतात आणि त्यांना कान पाहण्याच्या साध्या साधनांपेक्षा जास्त काही लागत नाही. जर्मन कर्णतज्ज्ञ हेर्मान श्वार्ट्झं यांनी श्वासाबरोबर हलणाऱ्या पडद्याची नोंद १८६४ मध्येच केली होती.

डोळ्यांनी दिसलेले कागदावर उतरवण्यासाठी टिम्पॅनोमेट्री उपयोगी पडते. यात कानाच्या भोकात रबराचे टोक घट्ट बसवून पडदा किती लवचीक आहे हे मोजतात. नेहमीची चाचणी काही सेकंदांत संपते आणि तिच्यात हा दोष दिसत नाही. यंत्राला तो आलेख काही सेकंद लांबवायला लावून रुग्णाला एका नाकपुडीने श्वास घ्यायला सांगितले, तर उघड्या नळीच्या कानात आलेखाची रेघ श्वासाच्या तालावर वरखाली होते. श्वास रोखला की ती सपाट होते. काही ठिकाणी नाकातून दुर्बीण घालून नळीचे तोंडही पाहतात. जिथे भिंतीला फुगीरपणा हवा तिथे खोलगटपणा दिसतो. जपानी कर्णतज्ज्ञांच्या संघटनेने ठरवलेल्या निकषांत आणखी एक सोपी कसोटी आहे. दुर्बिणीखाली नळीचे तोंड कापसाच्या बोळ्याने किंवा जेलने थोडा वेळ बुजवायचे. लक्षण तत्क्षणी थांबले तर निदानाला बळ मिळते. सीटी स्कॅन काढायचाच असेल तर तो बसवून काढावा लागतो, कारण नेहमीच्या यंत्रात रुग्ण आडवा असतो आणि आडवेपणी नळी मिटते.

स्वतःचा आवाज कानात घुमवणारा एक दुसरा विकार आहे, आणि तो निसटता कामा नये. तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिकांपैकी सगळ्यांत वरच्या नलिकेवरचे हाड झिजून तिथे भोक पडते. अमेरिकेतील लॉइड मायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये या विकाराचे पहिले स्पष्ट वर्णन केले. त्यातही आवाज मोठा ऐकू येतो, पण सोबत स्वतःची पावले, नाडीचे ठोके, कधी बुबुळे फिरवल्याचा आवाजही ऐकू येतो, आणि मोठ्या आवाजाने किंवा जोर केल्याने चक्कर येते. श्वास मात्र सहसा ऐकू येत नाही. आडवे झाल्याने आराम पडत नाही आणि पडदा श्वासाबरोबर हलत नाही. शंका असेल तर कानाच्या हाडांचा बारीक कापांचा सीटी स्कॅन आणि तोलाच्या विशेष चाचण्या कराव्या लागतात. श्वास ऐकू येणे आणि आडवे झाल्यावर थांबणे ही जोडी जिथे आहे, तिथे उघड्या नळीचा पक्ष बळकट होतो.

उपचारांकडे वळण्याआधी रुग्णांनी स्वतः शोधून काढलेल्या एका युक्तीबद्दल सांगायला हवे, कारण ती धोक्याची आहे. शिक्षिकेला दोन महिन्यांत सवय लागली होती की आवाज सुरू झाला की नाक जोरात आत ओढायचे, शेंबूड ओढल्यासारखे. तसे केले की नळीतली आणि मध्यकर्णातली हवा शोषली जाते, नळीच्या भिंती एकमेकींना चिकटतात, आवाज क्षणार्धात थांबतो. पण मध्यकर्णात आता हवेचा दाब कमी झालेला असतो आणि पडदा आत ओढला जातो. हे दिवसातून शंभरदा, वर्षानुवर्षे चालले तर पडदा पातळ होऊन आत खेचला जातो, त्याचा खळगा होतो आणि त्या खळग्यात त्वचेच्या मृत पेशी साठून कोलेस्टिटोमा तयार होऊ शकतो. तो हाड खात जातो आणि त्याला शस्त्रक्रियाच लागते. लहानपणापासून नाक ओढायची सवय असलेल्या आणि पडदा आत गेलेल्या रुग्णात नळी बंद असल्याचे निदान सहज होते, पण मुळात ती उघडी असते आणि तो ती नाक ओढून बंद करत असतो. त्याला कानात नळी बसवली किंवा फुग्याने युस्टेशियन नलिका रुंद केली, तर त्याचा मूळ त्रास वाढू शकतो. नाक ओढण्याबद्दल विचारणे म्हणूनच तपासणीचा भाग असायला हवे.

उपचाराची पहिली पायरी समजावणे. बहुसंख्य रुग्णांचा त्रास सौम्य असतो, धोक्याचा नसतो, आणि आपल्याला कसला गंभीर आजार नाही हे कळल्यावर तो पुष्कळसा सहन होतो. दुसरी पायरी बिघडवणाऱ्या गोष्टी काढणे. शिक्षिकेला तीन महिने दिलेल्या सूज उतरवणाऱ्या गोळ्या आणि थेंब बंद केले. कानात हवा फुंकणे आणि नाक ओढणे थांबवायला सांगितले. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर मूळ डॉक्टरांशी बोलून ती बदलता येते का पाहावे, स्वतः बंद करू नये. नाकात फवारायच्या स्टिरॉइडचाही इथे बहुधा उपयोग नसतो, कारण त्याचे कामच सूज कमी करणे आहे.

तिसरी पायरी अंगातले पाणी आणि वजन. दिवसभरात थोडे थोडे पाणी पीत राहणे, चहा-कॉफी आवरणे, शिकवताना जवळ पाण्याची बाटली ठेवणे. मधुमेह, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. वजनाबद्दल बोलताना इथे जरा अडचण येते, कारण ज्या माणसाने कष्टाने वजन उतरवले त्याला ते परत वाढवायला सांगणे कोणालाच आवडत नाही. पूर्ण वजन परत आणायची गरज सहसा नसते. दोन-चार किलो वाढवून पाहता येते, आणि मुख्य म्हणजे उतरण्याचा वेग थांबवायचा. गमावलेली चरबी नळीशेजारी पुन्हा नेमकी किती भरेल याची खात्री देता येत नाही, म्हणून काही जण वजन वाढूनही बरे होत नाहीत. हे रुग्णाला आधीच सांगितले तर त्याची निराशा टळते.

तात्पुरत्या आरामासाठी दोन साध्या गोष्टी आहेत. एक, सलाईनचे थेंब. खुर्चीवर बसून डोके मागे टाकायचे, त्रास असलेल्या कानाकडे साधारण ४५ अंश वळवायचे आणि त्या बाजूच्या नाकपुडीत मिठाच्या पाण्याचे थेंब सोडायचे, म्हणजे पाणी नळीच्या तोंडापर्यंत पोहोचते आणि ते ओले होऊन मिटते. यासाठी औषधाच्या दुकानात मिळणारे ०.९ टक्क्यांचे निर्जंतुक सलाईन वापरावे. आराम काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत टिकतो आणि हवे तेव्हा पुन्हा करता येतो. दुसरे, मानेभोवती रुमाल किंवा ताणला जाणारा पट्टा हलका गुंडाळणे. जपानमध्ये हा उपाय सुचवला जातो. मानेच्या बाजूच्या शिरांवर हलका दाब आला की डोक्याकडचे रक्त थोडे अडते आणि नळीभोवती फुगीरपणा येतो. रुमाल घट्ट नसावा. चक्कर येणारे, पक्षाघाताचा इतिहास असलेले किंवा मानेच्या रोहिणीत अडथळा असलेले यांनी तो करू नये.

औषधांची बाजू कमकुवत आहे, हे मोकळेपणाने सांगायला हवे. नळीचे तोंड किंचित सुजावे या हेतूने इस्ट्रोजेनचे नाकात घालायचे थेंब, पोटॅशियम आयोडाइडचे पोटात घ्यायचे द्रव, बोरिक व सॅलिसिलिक आम्लाची पूड अशा गोष्टी दशकानुदशके वापरल्या गेल्या. काहींना गुण येतो, पण मोठ्या, नीट तोललेल्या चाचण्यांचा आधार त्यांना नाही. आयोडाइडने थायरॉइडवर परिणाम होऊ शकतो. गरोदर स्त्रीने आणि स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास असलेल्यांनी इस्ट्रोजेनचा विचार टाळावा. कोणतेही औषध तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, ठरावीक मुदतीपुरतेच असावे.

शिक्षिकेने चार किलो वजन वाढवले, गोळ्या बंद केल्या, जिना चढून आल्यावर आणि तिसऱ्या तासाआधी सलाईनचे थेंब घालू लागली, आणि शाळेत वेळापत्रक बदलून दोन तासांमध्ये मोकळा वेळ घेतला. चार महिन्यांनंतर आठवड्यातून एखाद्या दिवशीच कान घुमतो, तोही उन्हात जास्त चालल्यावर. पूर्ण बरे झाले असे म्हणता येणार नाही, पण तिला शस्त्रक्रियेची गरज राहिली नाही. बहुतेक रुग्णांची गोष्ट साधारण अशीच संपते.

थोड्या रुग्णांना मात्र महिनोन्‌महिने रोज त्रास होतो, बोलून चालणाऱ्या कामावर गदा येते, झोप उडत नाही पण जागेपणी चैन पडत नाही. त्यांच्यासाठी छोट्या प्रक्रियेपासून सुरुवात होते. कानाच्या पडद्यावर चिकट पट्टीचा किंवा मऊ पदार्थाचा लहानसा तुकडा ठेवून तो जड केला, तर तो श्वासाबरोबर कमी हलतो. हे करून पाहायला सोपे आहे, आणि पसंत नसेल तर तुकडा काढून टाकता येतो. पडद्यात ग्रोमेट ही बारीक नळी बसवल्याने पडद्यावरचा दाबाचा खेळ कमी होऊन काहींना बरे वाटते, पण आवाज तसाच राहणारेही असतात, आणि पोहताना वा न्हाताना पाण्याची काळजी घ्यावी लागते.

यापुढचे उपाय नळी अरुंद करण्याचे आहेत, आणि तिथे एक शारीरिक मर्यादा आडवी येते. मेंदूला रक्त पुरवणारी अंतर्ग्रीव रोहिणी नळीच्या अगदी शेजारून जाते. पूर्वी नळीशेजारी टेफ्लॉनची पेस्ट टोचून ती अरुंद करण्याची पद्धत होती. ती चुकून रोहिणीत गेल्याने मेंदूला इजा झाल्याच्या आणि रुग्ण दगावल्याच्याही घटना घडल्या, आणि ती पद्धत मागे पडली. आज नाकातून दुर्बिणीने पाहत नळीच्या तोंडाजवळच्या भिंतीत रुग्णाची स्वतःची चरबी, कूर्चा किंवा अन्य भरणी घालतात, म्हणजे आतला खळगा भरतो आणि मिटताना भिंती टेकतात. अमेरिकेतील डेनिस पो यांनी २००७ मध्ये अशा पुनर्रचनेचे वर्णन केले. सुरुवातीला आराम बऱ्याच जणांना पडतो, पण भरणी शोषली गेली की त्रास परत येऊ शकतो आणि शस्त्रक्रिया पुन्हा करावी लागू शकते.

जपानमध्ये तोशिमित्सु कोबायाशी यांनी वेगळा मार्ग घेतला. त्यांनी सिलिकोनचा एक बारीक प्लग तयार केला. पडद्याला छोटी चीर देऊन तो मध्यकर्णातून नळीच्या हाडाच्या भागात बसवतात, त्यामुळे नळी अर्धवट बुजते. २०२० मध्ये जपानमध्ये त्याला अधिकृत मान्यता मिळाली. औषधे आणि साधे उपाय पुरेसा काळ करूनही त्रास न थांबणाऱ्यांसाठीच तो राखून ठेवला जातो. तोटेही ठाऊक आहेत. प्लग बसवल्यावर पडद्याचे भोक न भरणे, मध्यकर्णात पाणी साठणे किंवा प्लग सरकणे असे प्रकार होतात.

पाणी साठण्याचा प्रश्न नळी बुजवण्याच्या सगळ्याच उपायांना चिकटलेला आहे. नळी जास्त बुजली की मध्यकर्णात हवा पोहोचत नाही, तिथे स्राव जमतो आणि ऐकू कमी येऊ लागते. मग पडद्यात ग्रोमेट बसवून हवेची दुसरी वाट करून द्यावी लागते. उघडी नळी आणि बंद नळी यांच्यामधली योग्य जागा प्रत्येक कानात वेगळी असते, आणि शल्यविशारदाला ती आधी मोजून दाखवणारे कोणतेही साधन अजून नाही. म्हणूनच अनुभवी कर्णतज्ज्ञ शस्त्रक्रियेची घाई करत नाहीत. ते आधी पूर्वीची औषधे, वजनाची नोंद, नाक ओढण्याची सवय आणि ताठ बसून केलेली पडद्याची तपासणी पुन्हा पाहतात, आणि हे सगळे पाहून झाल्यावरही त्रास तसाच उरला, तरच नळीला हात लावतात.